मिळणेबाबत

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला परीक्षेची तारीख बदलून मागणारा किंवा अपंगत्वामुळे परीक्षेत वेगळी सोय मागणारा ई-मेल मराठी माणूस इंग्रजीत लिहितो, पण तो असतो अर्जच. शाळेत पोटदुखीची चिठ्ठी आणि नोकरीत रजेचा अर्ज लिहून तयार झालेला हात इथेही त्याच वळणाने चालतो. आधी विषय, मग ‘वरील विषयास अनुसरून’, मग घरची परिस्थिती, मग आजवरच्या सचोटीचा उल्लेख आणि शेवटी सहानुभूतीपूर्वक विचार होण्याची अपेक्षा. हा साचा तहसील कार्यालयापर्यंत ठीक चालतो, कारण तिथे अर्ज वाचणाऱ्याला अर्जदाराचं तोंड दिसतं. प्रमाणपत्र देणारी संस्था बहुधा अमेरिकेत असते. तिला तोंड दिसत नाही आणि तिच्या फॉर्ममध्ये सहानुभूतीचा रकाना नसतो.

हा ई-मेल कोण वाचतं याची लिहिणाऱ्याची कल्पना आणि वस्तुस्थिती यांत बरंच अंतर असतं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चष्मा लावलेले, विचारमग्न परीक्षा नियंत्रक असतात. प्रत्यक्षात तो उघडतो ग्राहक सेवेतला एक कर्मचारी. त्याच्या पडद्यावर अशा शेकडो तक्रारी क्रमांक लावून उभ्या असतात आणि प्रत्येकीला द्यायची उत्तरं आधीच टंकून ठेवलेली असतात. पत्र वाचणं हे त्याचं काम नसतंच. हे पत्र कोणत्या उत्तराच्या लायकीचं आहे, तेवढं त्याला ओळखायचं असतं. खाते क्रमांक, परीक्षेचं नाव, तारीख आणि मागणी या चार गोष्टी त्याला पहिल्या दोन ओळींत सापडल्या, तर काम पुढे सरकतं. सापडल्या नाहीत, तर चार दिवसांनी आभाराचं पत्र येतं आणि त्यात त्याच चार गोष्टी विचारलेल्या असतात.

दुसरा घोळ पत्त्याचा. परीक्षेचा मालक एक असतो आणि परीक्षा घेणारा दुसरा. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही पीएमपी परीक्षेची मालक. ही संस्था १९६९ साली अमेरिकेत स्थापन झाली. परीक्षा मात्र पीअर्सन व्ह्यू या कंपनीच्या केंद्रांत होते. खुर्ची, संगणक, कुलपाचं कपाट आणि वेळेचं आरक्षण हा सगळा कंपनीचा विषय. नियम, सवलत आणि माफी हा संस्थेचा. संस्थेला पाठवायचा ई-मेल कंपनीला गेला, तर ती तो नम्रपणे संस्थेकडे बोट दाखवून परत करते आणि उलट झालं, तर संस्थाही तेवढ्याच नम्रपणे कंपनीकडे बोट दाखवते. या नम्रतेत आठवडा सहज जातो. सावध उमेदवार मग दोघांनाही एकदम लिहितो. त्यातून दोन क्रमांकांची दोन प्रकरणं जन्माला येतात आणि प्रत्येक प्रकरण दुसऱ्याच्या निकालाची वाट पाहत बसतं.

तारीख बदलण्याचा भाग तसा सोपा आहे, कारण त्यासाठी बहुतेक वेळा ई-मेल लागतच नाही. आपल्या खात्यात शिरायचं, तारीख बदलण्याचं बटण दाबायचं, नवी तारीख निवडायची. कारण कुणी विचारत नाही. मराठी मनाला हे पटत नाही. कारण न सांगता काही मागणं त्याला उद्धटपणाचं वाटतं, म्हणून बटण असतानाही लोक पत्र लिहितात आणि पत्राच्या उत्तराची वाट पाहता पाहता बटणाची मुदत घालवतात. पीएमपीच्या नियमांप्रमाणे परीक्षेला तीस दिवसांहून जास्त अवधी असेल, तर तारीख फुकट बदलता येते. तीस दिवसांच्या आत आल्यावर ७० डॉलर लागतात. शेवटच्या ४८ तासांत मात्र बदल बंद. त्यानंतर गैरहजर राहिलं, की भरलेली सगळी फी जाते. अमेझॉनच्या क्लाउड परीक्षांत २४ तास आधीपर्यंत तारीख बदलता येते, पण एकाच नोंदणीत दोनदाच. तिसऱ्यांदा विचार बदलला, तर नोंदणी रद्द करून नव्याने करावी लागते.

खरा ई-मेल जन्माला येतो तो मुदत उलटल्यावर. या वेळी कारण लागतं आणि कारणांची यादी संस्थेने आधीच करून ठेवलेली असते. वैद्यकीय आणीबाणी, जवळच्या कुटुंबातला मृत्यू किंवा आजार, नैसर्गिक आपत्ती, सैन्यात तैनाती. बाकीची कारणं एकेक करून तपासली जातात. एक कारण मात्र पीएमआयने आधीच दाराबाहेर ठेवलं आहे, ते म्हणजे ऑफिसचं काम. जगभरातल्या लोकांना कामाचं वेळापत्रक सांभाळायला शिकवणाऱ्या परीक्षेत ‘कामामुळे वेळापत्रक सांभाळता आलं नाही’ ही सबब चालत नाही. यात अन्याय आहे असं म्हणणं कठीण आहे, पण सगळ्यात जास्त वापरली जाणारी सबब तीच आहे.

‘जवळचं कुटुंब’ हा पुढचा खड्डा. अमेरिकी अर्थाने ते नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं इथे संपतं. मराठी अर्थाने ते तिथे सुरू होतं. चुलत आजोबांचं दहावं, आत्येसासूची बायपास, मामेबहिणीचं ऐन वेळी पुढे आलेलं लग्न या गोष्टी घरात टाळता येत नाहीत आणि ई-मेलमध्ये मांडता येत नाहीत. ज्या आजोबांनी अंगाखांद्यावर खेळवलं, ते ‘ग्रँड अंकल’ म्हणून लिहिले की वाचणाऱ्याला लांबचे वाटू लागतात. शिवाय प्रत्येक कारणामागे कागद लागतो. मृत्यूचा दाखला, रुग्णालयात दाखल केल्याचं पत्र, अपघात असेल तर पोलिसांचा अहवाल. शोक किती झाला याची पानभर हकिगत कागदाच्या जागी चालत नाही. कागद असला, तर हकिगतीची गरज पडत नाही.

घरी बसून द्यायच्या परीक्षेत विजेचं कारण हमखास येतं. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे लहान मुलालाही ठाऊक असताना लोक गुरुवारीच परीक्षा ठेवतात, कारण गुरुवार गुरूचा आणि विद्येला चांगला. वीज गेली किंवा कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर अडकलं, तर ई-मेलमध्ये संतापाऐवजी तीन गोष्टी द्याव्यात: बंद पडल्याची नेमकी वेळ, पडद्यावर दिसलेला संदेश आणि त्याच वेळी मदत केंद्राने दिलेला घटना क्रमांक. हा क्रमांक तेव्हाच्या तेव्हा मागून घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो कुणाकडेच नसतो.

अपंगत्वामुळे मागायच्या सोयीचा ई-मेल ही वेगळी जात आहे. तारखेच्या पत्रात क्षमा मागितलेली असते, सोयीच्या पत्रात हक्क. अमेरिकेत १९९० साली झालेल्या अपंगत्वविषयक कायद्याने परवाना आणि प्रमाणपत्राच्या परीक्षा घेणाऱ्या खासगी संस्थांनाही बांधून घेतलं आहे. परीक्षेत माणसाचं ज्ञान मोजलं जावं, त्याचं अपंगत्व नव्हे, हा त्यामागचा विचार. अमेरिकी संस्था जगभर अशी सोय देण्याची एक ठरलेली पद्धत ठेवतात, ती बऱ्याच अंशी या कायद्यामुळे. हे माहीत नसल्यामुळे मराठी उमेदवार हक्क मागतानाही उपकार मागितल्यासारखं लिहितो. ‘शक्य असल्यास’, ‘आपली हरकत नसल्यास’, ‘माझ्यामुळे इतरांना त्रास होऊ नये’. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं, की याला काहीतरी हवं आहे आणि नाही मिळालं तरी चालेल.

उदाहरणादाखल कोथरूडमध्ये राहणारी एक उमेदवार घेऊ. वय पस्तीस, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, नवव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह. दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे आणि त्याचा आकडा फोनवर दिसतो. तिने पीएमपीसाठी २० जूनची तारीख घेतली, कारण त्या दिवशी केंद्रात सकाळची वेळ होती आणि आईच्या मते दिवसही चांगला होता. २५ मे रोजी तिच्या लक्षात आलं, की परीक्षा जवळजवळ चार तासांची आहे आणि फोन कपाटात कुलूपबंद होणार आहे. मग तिने ई-मेल लिहिला. तो इंग्रजीत होता, पण त्याचा आत्मा असा होता:

‘आदरणीय महोदय, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती की, मी गेली अकरा वर्षे एका नामांकित कंपनीत कार्यरत असून जून महिन्यात आमचे महत्त्वाचे रिलीज आहे. तसेच मला लहानपणापासून मधुमेह आहे. तरी परीक्षा थोडी पुढे ढकलून किंवा जादा वेळ देऊन सहकार्य करावे. सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आहे. आपला वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व.’

या पत्राचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. वाचणाऱ्याला पहिल्या वाक्यात ‘कंपनी’ आणि ‘रिलीज’ दिसलं. प्रकरण तारीख बदलण्याच्या रांगेत, त्यातही ‘ऑफिसचं काम’ या खणात पडलं. उत्तर आलं, की कामाच्या कारणाने सूट देता येत नाही, आपण ७० डॉलर भरून खात्यातून तारीख बदलू शकता. मधुमेहाचा उल्लेखही नाही. उमेदवाराच्या आत्याने हे वाचून अमेरिकेत माणुसकी उरली नसल्याचं मत दिलं. खरं तर उत्तर देणाऱ्याने दोन मागण्यांपैकी पहिली बिनचूक निकाली काढली होती. दुसरी मागणी ज्या टेबलावर जायची होती, तिथे पत्र पोचलंच नाही. एका पत्रात एकच मागणी, हा नियम इथे कामाला येतो. तारीख वेगळी, सोय वेगळी.

सोबत जोडलेलं प्रमाणपत्र फॅमिली डॉक्टरांचं होतं. त्यांनी ते दवाखान्यातली गर्दी आवरता आवरता, औषध कंपनीने फुकट दिलेल्या पॅडवर लिहिलं होतं: ‘सदर पेशंटला मधुमेह असून ती माझ्या उपचाराखाली आहे. परीक्षेत सहकार्य करावे.’ खाली सही आणि शिक्का. शिक्का मात्र उत्कृष्ट उठला होता. या कागदात खोटं काही नाही, पण उपयोगाचंही काही नाही. मधुमेह कोट्यवधी लोकांना आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना चार तास बसायला काहीच अडचण येत नाही. संस्थेला निदान हवं असतंच, पण ती निर्णय घेते तो पुढच्या दोन प्रश्नांवर: या आजारामुळे परीक्षेच्या खोलीत नेमकं काय अडतं आणि ती अडचण दूर करायला नेमकं काय लागतं. यालाच तिकडच्या भाषेत ‘फंक्शनल लिमिटेशन’ म्हणतात. आपल्याकडचं डॉक्टरी प्रमाणपत्र बहुधा आजार आहे एवढं सांगून थांबतं, कारण आपल्याकडे ते वाचणारा त्याच्यापुढे जात नाही.

आता मागणी. ‘जादा वेळ’ ही सोयीच्या बाजारातली सगळ्यात लोकप्रिय वस्तू. परीक्षेत वेळ जास्त मिळाला तर कुणाला नको आहे? पण या उमेदवाराला ती उपयोगी तर नाहीच, उलट घातक आहे. परीक्षेचं २०२१ पासूनचं स्वरूप असं: १८० प्रश्न, २३० मिनिटं, साठाव्या आणि एकशे विसाव्या प्रश्नानंतर दहा-दहा मिनिटांची सुटी. या सुट्या २३० मिनिटांत धरल्या जात नाहीत. दीडपट वेळ मिळाला, तर बसायची होतात ३४५ मिनिटं, म्हणजे पावणेसहा तास. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला जितका जास्त वेळ न खाता बसवावं, तितकी साखर उतरण्याची शक्यता वाढते. डिस्लेक्सिया असलेल्याला वाचायला जास्त वेळ लागतो, त्याची अडचण जादा वेळाने दूर होते. हिची अडचण वेगाची नव्हतीच.

तिची अडचण अशी: साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की हात थरथरतात, घाम फुटतो आणि समोरचं वाक्य चार वेळा वाचूनही डोक्यात शिरत नाही. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं, अजून कमी असेल तर पुन्हा घ्यायचं. म्हणजे एका वेळी निदान वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत घड्याळ चालू राहिलं, तर तिचे पंधराएक प्रश्न बुडाले. दहा मिनिटांच्या ठरलेल्या सुटीत हे बसत नाही आणि साखर काही साठाव्या प्रश्नाची वाट पाहून उतरत नाही. तिला हवं होतं ते हे: लागेल तेव्हा घड्याळ थांबवून घेता येणारी सुटी, ग्लुकोज आणि ज्यूस जवळ ठेवण्याची मुभा आणि साखर मोजण्याचं साधन. जादा एक मिनिटही नको.

यातही साधनाचा प्रश्न बारकाईने पाहावा लागतो. परीक्षा केंद्रात नेता येणाऱ्या, वेगळी मंजुरी न लागणाऱ्या काही वस्तूंची यादी पीअर्सन व्ह्यूने जाहीर केलेली आहे. उशी, काठी, गळपट्टा, श्रवणयंत्र, दम्याचा पंप, अंगाला जोडलेला इन्सुलिन पंप असं त्यात आहे. खोकल्याच्या गोळ्याही आहेत, पण कागद काढलेल्या. डबीतून किंवा बाटलीतून नव्हे. कागदाच्या आत लोक काय लिहून आणतील याची त्यांना भीती असावी, आणि आपल्याकडच्या कॉप्यांचा इतिहास पाहिलेल्या माणसाला ती भीती अवाजवी वाटणार नाही. या यादीतल्या वस्तूसाठी ई-मेल लिहिणं म्हणजे स्वतःच्या घराची बेल वाजवून आत येण्याची परवानगी मागणं. केंद्रावरचा माणूस ती वस्तू डोळ्यांनी तपासतो आणि आत सोडतो. दंडावरचा सेन्सर त्यामुळे अडचणीचा नाही. अडचण आहे ती ज्याच्यावर आकडा दिसतो त्या फोनची, कारण फोन कोणत्याही यादीत नाही आणि बसणारही नाही. उपाय दोन. सेन्सरच्या कंपनीचा फक्त आकडा दाखवणारा वेगळा रीडर मिळत असेल तर तो मागायचा. नाहीतर बोटातून रक्त काढून मोजायचं साधं ग्लुकोमीटर. हिने ग्लुकोमीटर मागितलं. तंत्रज्ञानात एक पायरी खाली उतरल्यावर मंजुरीची शक्यता एक पायरी वर चढते.

दुसऱ्या खेपेला ती आपल्या मधुमेहतज्ज्ञांकडे गेली आणि तिने काय लिहून हवं आहे ते स्वतःच एका कागदावर नेलं. यात संकोचण्यासारखं काही नाही. डॉक्टरांना आजार माहीत असतो, परीक्षेची खोली नसते. त्यांचं पत्र असं होतं: ‘रुग्णाला टाइप १ मधुमेह असून दिवसातून अनेकदा इन्सुलिन घ्यावे लागते. रक्तातील साखर अचानक कमी होण्याचे प्रसंग येतात. अशा वेळी एकाग्रता व वाचन-आकलन तात्पुरते बाधित होते आणि उपचारास १५ ते ३० मिनिटे लागतात. म्हणून परीक्षेदरम्यान ग्लुकोमीटर व ग्लुकोज जवळ ठेवण्याची परवानगी आणि आवश्यकतेनुसार घड्याळ थांबवून विश्रांती मिळावी.’ वर रुग्णालयाचं नाव-पत्ता, खाली डॉक्टरांची पदवी, नोंदणी क्रमांक, सही आणि चालू महिन्याची तारीख. चार वाक्यं. एकाही वाक्यात सहकार्य मागितलेलं नाही.

ई-मेल त्याहून लहान झाला. विषयाच्या ओळीत खाते क्रमांक, परीक्षेचं नाव आणि ‘सोयीसाठी विनंती’. मजकुरात तीन मागण्या, प्रत्येकीला अर्धं वाक्य कारण आणि सोबत जोडलेल्या पत्राचा उल्लेख. नाव पासपोर्टवर आहे तसंच. हेही किरकोळ नाही. खात्यात माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं आणि मध्ये वडिलांचं की नवऱ्याचं नाव याचा घोळ असेल, तर सोय मंजूर होऊनही केंद्राच्या दारात माणूस अडतो. नोकरीची अकरा वर्षं, रिलीज आणि क्षमस्व या तिन्ही गोष्टी गळाल्या. पत्र तिला उर्मट वाटलं. अशा पत्रांचं तेच बरोबर माप आहे.

मंजुरी मिळाली, पण लगेच नाही. सोयीची प्रकरणं वेगळे लोक तपासतात आणि त्यांना दिवस किंवा आठवडे लागतात. इथे तिची मूळची चूक अंगावर आली. सोय हवी असेल, तर आधी सोय मंजूर करून घ्यायची आणि मग तारीख घ्यायची, हा क्रम आहे. साध्या आरक्षणाला मागाहून सोय चिकटवता येत नाही. ते मोडून, मंजुरीचा संदर्भ देऊन, बहुधा फोनवर बोलून नवं आरक्षण करावं लागतं. घड्याळ थांबवणं हे केंद्रातल्या माणसाच्या लहरीवर नसतं, ते त्या आरक्षणाबरोबर यंत्रणेत आधी भरावं लागतं. तिने आधी मुहूर्त घेतला आणि मग सोय मागितली. मंजुरीची वाट पाहत असताना २० जून जवळ आला, तीस दिवसांची रेषा तर पत्र लिहिण्याआधीच, २१ मे रोजी ओलांडली गेली होती. तारीख तिने खात्यात जाऊन, ७० डॉलर भरून पुढे नेली. चांगल्या दिवसाचा खर्च तेवढा आला.

हाच क्रम चुकल्यामुळे मराठी उमेदवार आणखी एक सोय घालवतात, आणि ती अपंगत्वाशी संबंधितही नाही. अमेझॉनच्या परीक्षा इंग्रजीत देणाऱ्या, पण इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसाला तीस मिनिटं जादा मिळतात. ना डॉक्टर, ना दाखला. खात्यात जाऊन एकदा मागितलं, की पुढच्या परीक्षांनाही ती लागू राहते. अट इतकीच, की परीक्षेची नोंदणी करण्याआधी मागायचं. आयुष्यभर इंग्रजी कच्चं असल्याची खंत बाळगणाऱ्या समाजाला त्या खंतीची रोख तीस मिनिटं मिळतात आणि तो नोंदणी झाल्यावर ई-मेल लिहून ती मागतो. काही जण मुद्दाम मागतच नाहीत. इंग्रजी माध्यमात शिकलो असताना असं लिहून द्यायचं म्हणजे अपमान!

शिकण्याच्या अक्षमतेचं, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरेचं प्रकरण मधुमेहापेक्षा किचकट. तिथे डॉक्टरांचं पत्र पुरत नाही. मानसशास्त्रीय चाचण्यांचा गुणांसह अहवाल लागतो आणि ही अडचण लहानपणापासून आहे याचा पुरावा दिला तर बळ येतं. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा मुलांना शालेय परीक्षांत सवलती मिळत आल्या आहेत. त्यामुळे मुंबईच्या शीव रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांतून तेव्हा घेतलेले दाखले आज तिशी-चाळिशीतल्या अनेकांच्या घरी आहेत. बहुधा माळ्यावर, कारण दहावी झाल्यावर त्यांचा विषय घरात कुणी काढू नये अशी व्यवस्था झालेली असते. तो कागद शोधून, इंग्रजीत भाषांतर करून जोडला, तर नव्या अहवालाला पाठबळ मिळतं.

भारतीय संस्थांना लिहायचं झालं, तर हे सगळं शास्त्र उलटं फिरवावं लागतं. इथे अडचणीचं वर्णन कितीही नेमकं असलं, तरी आधी टक्का विचारला जातो. २०१६ च्या अपंगत्व हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत. त्यांपैकी एखादं किमान चाळीस टक्के असेल, तर माणूस ‘लक्षणीय अपंगत्वा’च्या गटात येतो. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्याला लिहिण्याची अडचण असेल तर लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळू लागली. तीन तासांच्या पेपरला एक तास. त्या सूचनांप्रमाणे लेखनिक स्वतः आणायचा असेल, तर त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी कमी लागे. पदवीच्या परीक्षेला बारावी झालेला भाचा चालत असे, पदवीधर बहीण चालत नसे. घरात हुशार माणसं फार असणं इथे गैरसोयीचं ठरे. शारीरिक अडचणीचा दाखला सरकारी रुग्णालयाचा लागतो, जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्याच दर्जाच्या अधिकाऱ्याच्या सहीचा आणि ठरलेल्या नमुन्यातला. कोथरूडच्या उमेदवाराचा टाइप १ मधुमेह त्या एकवीस प्रकारांत नाही. जी सोय अमेरिकी संस्थेने चार वाक्यांवर दिली, तिच्यासाठी भारतीय परीक्षेत तिला या कायद्याचा दाखलाच मिळणार नाही. तिथे त्या परीक्षेच्या माहितीपत्रकात मधुमेहींसाठी वेगळी ओळ आहे का, ते पाहावं लागतं.

टक्क्याच्या या कुंपणाला एक मोठी फट पडली ती ११ फेब्रुवारी २०२१ रोजी. विकाश कुमार या डॉक्टर उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार होता. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक मागितल्यावर चाळीस टक्के नसल्याचं कारण देऊन नकार मिळाला. एम्सने त्याचं अपंगत्व मोजलं ते सहा टक्के. म्हणजे चौऱ्याण्णव टक्के धडधाकट असलेला हा माणूस पेपर मात्र लिहू शकत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, परीक्षेत लिहिता येण्याची सोय तिच्याशी बांधता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी चाळीस टक्क्यांहून कमी अपंगत्व असून लिहिण्यात अडचण असलेल्यांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. भारतीय संस्थेला लिहिताना लागू असलेल्या सूचनांची तारीख आणि ठरलेल्या नमुन्यातला दाखला एवढं जोडावं. अडचणीचं हृदयद्रावक वर्णन इथेही लागत नाही, फक्त वेगळ्या कारणाने.

परत कोथरूडला. बदललेल्या तारखेला ही उमेदवार मंजुरीचं पत्र छापून घेऊन केंद्रावर अर्धा तास आधी पोचली. दारातल्या मुलीने यंत्रणेत पाहिलं, तिथे सोयीची नोंद होती. ग्लुकोमीटर उघडून दाखवावं लागलं, ग्लुकोजच्या गोळ्या वेष्टन काढून एका पारदर्शक पिशवीत घ्याव्या लागल्या, ज्यूसच्या खोक्यावरचं छापील चित्रही उलटसुलट करून पाहिलं गेलं. साखर एकदा उतरली, नव्वदाव्या प्रश्नाच्या आसपास. तिने हात वर केला, घड्याळ थांबलं, ती बाहेर जाऊन बसली आणि बावीस मिनिटांनी आत आली तेव्हा घड्याळ होतं तिथेच होतं. ती उत्तीर्ण झाली. प्रमाणपत्रावर फक्त नाव, क्रमांक आणि तारीख असते. सोय घेतल्याचा उल्लेख नसतो. वकिलीच्या प्रवेशपरीक्षेची अमेरिकी संस्था जादा वेळ घेतलेल्यांच्या गुणांवर तसा शेरा मारत असे. २०१४ साली सरकारशी झालेल्या तडजोडीत तिला ते बंद करावं लागलं आणि ७७ लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागली.

ती अनुत्तीर्ण झाली असती, तर पुन्हा आरक्षण करण्याआधी तिला आणखी एक छोटा ई-मेल लिहावा लागला असता: आधीची मंजुरी या खेपेलाही लागू आहे ना, आणि असेल तर तिचा संदर्भ क्रमांक कोणता.